वीजबिलाचा हिशेब पुन्हा मांडून पाहा! युनिटवरून वीज आकार, स्थिर आकार आणि वीज शुल्क कसे पडताळायचे?

दोन महिने रीडिंग झाले नाही आणि तिसऱ्या महिन्यात एकदम सहाशे युनिटचे बिल आले, तर ते बरोबर की चूक? मोबाइलमधल्या साध्या कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत हे कळू शकते.

वीजबिल वाढून आले की बहुतेक घरांत पहिला संशय मीटरवर जातो. ‘मीटर पळतोय’ हे वाक्य ठरलेलेच. मीटर खरोखर पळत असेलही. पण त्याची चाचणी करायला अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते आणि वाट पाहावी लागते. त्याआधीची एक तपासणी फुकट आहे आणि ती ग्राहक स्वतः करू शकतो. बिलावर छापलेले युनिट घ्यायचे, त्यावर दर लावायचे आणि आलेली रक्कम बिलाशी जुळते का ते पाहायचे. मीटर बरोबर आहे की नाही हे या हिशेबातून कळणार नाही. पण नोंदलेल्या युनिटवर योग्य पैसे लावले आहेत का, हे मात्र पैशापर्यंत कळते.

या लेखातील उदाहरणांसाठी महावितरणचे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले घरगुती दर घेतले आहेत. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशाने दर बदलत असतात, त्यामुळे आपले बिल तपासताना त्या बिलाच्या काळातले दर घ्यावेत; रीत तीच राहते. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचे ग्राहक असाल तर दर वेगळे, हिशेब असाच.

आधी युनिट, मग रुपये

बिलावर ‘चालू रीडिंग’, ‘मागील रीडिंग’, ‘गुणक अवयव’ आणि ‘युनिट’ असे रकाने असतात. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केले की वापर मिळतो. घरगुती मीटरचा गुणक अवयव साधारणपणे १ असतो, म्हणून वजाबाकी हाच वापर. मागील रीडिंगचा आकडा आधीच्या बिलावरील चालू रीडिंगशी जुळतो का, हेही एकदा पाहून घ्यावे. बिलावर मीटरचा फोटो असेल तर त्यातला आकडा आणि छापलेला आकडा ताडून पाहावा. फोटो काळाकुट्ट किंवा धूसर असेल, तर थेट मीटरसमोर उभे राहून आजचा आकडा पाहा. तो बिलावरच्या आकड्यापेक्षा कमी दिसला, तर पुढचा हिशेब करण्याची गरजच नाही. चूक तिथेच सापडली.

आणखी एक गोष्ट याच वेळी बघायची. चालू रीडिंगच्या जागी आकडा आहे की ‘लॉक्ड’, ‘फॉल्टी’, ‘आरएनए’ यांपैकी काही छापले आहे? असा शब्द असेल तर ते बिल सरासरीवर काढलेले आहे. म्हणजे ते युनिट तुम्ही वापरलेले नसून तुमच्या आधीच्या वापरावरून अंदाजाने धरलेले आहेत. हा तपशील लक्षात ठेवा; खऱ्या गोंधळाची सुरुवात बहुधा इथूनच होते.

स्लॅब म्हणजे पायऱ्या

२०२४-२५ मध्ये सिंगल फेज घरगुती ग्राहकासाठी वीज आकार असा होता: पहिल्या १०० युनिटना प्रत्येकी ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटना १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे आणि ५०० च्या पुढे १६ रुपये ६४ पैसे. याशिवाय प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार, तो सगळ्या पायऱ्यांवर सारखाच. आणि दरमहा १२८ रुपये स्थिर आकार.

‘१०० युनिट ओलांडले की सगळे बिल वरच्या दराने लागते’ हा समज अजूनही घट्ट आहे. तो चुकीचा आहे. १०१वे युनिट पडले तरी पहिली १०० युनिट ४ रुपये ७१ पैशांनाच राहतात. महाग होते ते फक्त १०१वे. त्यामुळे महिनाअखेरीस मीटर २९९ वर आहे म्हणून पंखा बंद करून उकाड्यात बसण्यात फार हशील नाही. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरले तर ३००वे युनिट सुमारे १३ रुपये २९ पैशांना पडते आणि ३०१वे सुमारे १८ रुपये २४ पैशांना. फरक आहे, पण तो त्या एका युनिटचा. बिल एकदम उडी मारत नाही. त्याचा चढ मात्र वाढत जातो.

२८६ युनिटचे बिल, ओळीने

समजा एका घराचा महिन्याचा वापर २८६ युनिट आहे. पहिली १०० युनिट गुणिले ४.७१ म्हणजे ४७१ रुपये. उरलेली १८६ युनिट गुणिले १०.२९ म्हणजे १,९१३ रुपये ९४ पैसे. दोन्ही मिळून वीज आकार २,३८४ रुपये ९४ पैसे. बिलावरच्या ‘वीज आकार’ या ओळीत हाच आकडा दिसायला हवा.

वहन आकार २८६ गुणिले १.१७, म्हणजे ३३४ रुपये ६२ पैसे. स्थिर आकार १२८ रुपये.

आता ‘इंधन समायोजन आकार’. वीजखरेदीचा खर्च मंजूर अंदाजापेक्षा कमी-जास्त झाला की तो या ओळीतून वळता होतो. तो दर महिन्याला बदलू शकतो आणि पायरीनुसार वेगवेगळा असतो. कधी शून्यही असतो. उदाहरणापुरते धरू की पहिल्या १०० युनिटना २५ पैसे आणि पुढच्या पायरीला ४५ पैसे. मग १०० युनिटचे २५ रुपये आणि १८६ युनिटचे ८३ रुपये ७० पैसे, एकूण १०८ रुपये ७० पैसे. हा दर त्या-त्या महिन्याचाच घ्यावा लागतो. गेल्या महिन्याचा दर धरून हिशेब केला तर बिल चुकल्यासारखे दिसेल, प्रत्यक्षात ते बरोबर असेल.

चारही आकड्यांची बेरीज २,९५६ रुपये २६ पैसे. त्यावर १६ टक्के वीज शुल्क ४७३ रुपये. चालू देयक ३,४२९ रुपये २६ पैसे. ही रक्कम जवळच्या दहा रुपयांत बसवली की ‘पूर्णांक देयक’ ३,४३० रुपये. वरचे ७४ पैसे कुठे जात नाहीत, पुढच्या बिलात वजा होऊन येतात. पुढच्या बिलातल्या ‘निव्वळ थकबाकी’समोर उणे चिन्हासह एखादी किरकोळ रक्कम दिसली तर ती ही.

छतावर सौरऊर्जा असलेल्यांचे आणि दिवसाच्या वेळेनुसार सवलत मिळणाऱ्या मीटरचे बिल यापेक्षा जास्त ओळींचे असते. त्यात निर्यात युनिट किंवा वेळेची सवलत आधी वजा-जमा करावी लागते. इथे त्यात शिरत नाही.

१६ टक्के कशावर?

वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर. महावितरण तो ग्राहकांकडून गोळा करून सरकारकडे भरते. घरगुती ग्राहकाला तो १६ टक्के आहे आणि तो स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार या चौघांच्या बेरजेवर लागतो. अनेक जण फक्त वीज आकाराचे १६ टक्के काढतात आणि रक्कम कमी आली म्हणून लूट झाल्याचे ठरवतात. वरच्या उदाहरणात तसे केले तर शुल्क ३८१ रुपये ५९ पैसे येईल, बिलावर ४७३ असेल. आणि बिल बरोबर असेल.

तपासणी मात्र उलट्या बाजूने करावी. बिलावरच्या वीज शुल्काला या चार ओळींच्या बेरजेने भागा. उत्तर ०.१६ आले तर ठीक. ०.१६ पेक्षा जास्त येत असेल, तर मागची थकबाकी किंवा व्याज चुकून बेरजेत धरले गेले आहे का ते पाहा. चालू महिन्याचे शुल्क जुन्या थकबाकीवर पुन्हा लागायला नको, कारण त्या रकमेत तेव्हाचे शुल्क आधीच आहे. उत्तर ०.२१ आले तर कारण वेगळे असते. २१ टक्के हा व्यावसायिक जोडणीचा दर आहे. म्हणजे घराची नोंद दुकानाच्या वर्गात झाली असावी. खाली दुकान आणि वर घर असलेल्या इमारतींत, किंवा आधी कार्यालय असलेला गाळा राहायला घेतल्यावर हे घडते. बिलावर दर संकेताच्या रकान्यात LT I Res 1-Phase असे घरगुती जोडणीचे नाव आहे का, हे एका नजरेत कळते. व्यावसायिक बिलात ‘वीज विक्री कर’ या ओळीतही रक्कम असते. घरगुती बिलात ती ओळ रिकामी असायला हवी.

स्थिर आकार: युनिट शून्य, तरीही

घर महिनाभर बंद होते, वापर शून्य, तरी बिल कसे? स्थिर आकारामुळे. जोडणी चालू ठेवण्याचा हा आकार आहे, वापराचा नाही. शून्य युनिटला १२८ रुपये आणि त्यावर १६ टक्के म्हणजे २० रुपये ४८ पैसे, एकूण १४८ रुपये ४८ पैसे. गावाकडचे बंद घर ज्यांना दरमहा एवढेच बिल देते त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल.

इथे पडताळायचे ते दोनच. थ्री फेज जोडणीचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असतो. पूर्वीच्या मालकाने थ्री फेज घेतले असेल आणि तुमच्या घरात त्याची गरज नसेल, तर दरमहा विनाकारण पैसे जात राहतात. ही बिलातली चूक नव्हे. पण हिशेब मांडला की ती डोळ्यांत भरते. दुसरे म्हणजे महिन्यांची संख्या. बिल दोन महिन्यांचे असेल तर स्थिर आकार दोनदा लागणे बरोबर. मात्र मधल्या महिन्याचे सरासरी बिल आधीच दिलेले असेल, तर त्यातला स्थिर आकार तेव्हाच लागलेला आहे. तो पुन्हा लागला असेल, तर तेवढीच रक्कम दुसऱ्या ओळीत वजाही दिसली पाहिजे.

खरी मेख: साचलेले युनिट

एरवी संगणक गुणाकारात चुकत नाही. रीडिंग वेळेवर झाले असेल तर वरच्या पद्धतीने काढलेली रक्कम बहुतेक वेळा बिलाशी तंतोतंत जुळते. चूक होते ती कितव्या पायरीवर किती युनिट बसवायची या टप्प्यावर, आणि तीही तेव्हा, जेव्हा अनेक महिन्यांचा वापर एका बिलात येतो.

स्लॅबच्या मर्यादा महिन्याच्या आहेत. १०० युनिट स्वस्त दराने मिळतात ते दर महिन्याला. म्हणून तीन महिन्यांचा वापर एका बिलात आला, तर पहिली पायरी १०० ची न राहता ३०० ची व्हायला हवी, दुसरी पायरी ९०० पर्यंत जायला हवी. यालाच महावितरणच्या कार्यालयांत आणि ग्राहकांच्या तक्रारींत ‘स्लॅब बेनिफिट’ म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत हा शब्द राज्यभर घरोघरी पोहोचला. मीटर रीडिंग थांबले होते, एप्रिल-मेची बिले हिवाळ्यातल्या वापराच्या सरासरीवर गेली, आणि जूनमध्ये रीडिंग सुरू झाल्यावर उन्हाळ्यातला साचलेला वापर एकाच बिलात आला. त्यातच १ एप्रिल २०२० पासून दरही बदलले होते. आकडा पाहूनच लोक हादरले. हिशेब कसा केला हे समजायला पुढचे कित्येक दिवस गेले.

आता एक उदाहरण पूर्ण करू. समजा एका कुटुंबाचा मीटर कुलूपबंद जिन्याखाली आहे. २०२४ च्या जून आणि जुलैमध्ये रीडिंग झाले नाही आणि दोन्ही महिन्यांना सरासरीने ८०-८० युनिटची बिले आली. ऑगस्टमध्ये रीडिंग झाले, तेव्हा शेवटच्या खऱ्या रीडिंगपासूनचा फरक ६३० युनिट निघाला. हिशेब सोपा राहावा म्हणून इंधन समायोजन आकार शून्य धरू.

योग्य रीत अशी. ६३० युनिट तीन महिन्यांत वाटले की महिन्याला २१०. एका महिन्याचा वीज आकार: १०० युनिटचे ४७१ रुपये आणि ११० युनिटचे १,१३१ रुपये ९० पैसे, मिळून १,६०२ रुपये ९० पैसे. तीन महिन्यांचे ४,८०८ रुपये ७० पैसे. वहन आकार ७३७ रुपये १० पैसे, तीन महिन्यांचा स्थिर आकार ३८४ रुपये. बेरीज ५,९२९ रुपये ८० पैसे, त्यावर शुल्क ९४८ रुपये ७७ पैसे. एकूण ६,८७८ रुपये ५७ पैसे. यातून आधीच्या दोन सरासरी बिलांची रक्कम वजा करायची. ८० युनिटचे एक बिल शुल्कासह ६९४ रुपये १४ पैसे होते, दोन्ही मिळून १,३८८ रुपये २८ पैसे. ऑगस्टमध्ये भरायचे राहिले ५,४९० रुपये २९ पैसे.

पहिली संभाव्य चूक: आधीची रक्कम नीट वजा केली, पण ६३० युनिट एकाच महिन्याचे धरले. मग १०० युनिट ४.७१ ने, २०० युनिट १०.२९ ने, २०० युनिट १४.५५ ने आणि १३० युनिट चक्क १६.६४ ने. वीज आकार ७,६०२ रुपये २० पैसे. शेवटी भरायची रक्कम ८,७३० रुपये ७५ पैसे. म्हणजे शुल्कासह ३,२४० रुपये ४६ पैसे जास्त. हे कुटुंब एका महिन्यात कधीही ३०० युनिटच्या वर गेले नाही, तरी त्याला सर्वांत महाग पायरीचा दर लागला.

दुसरी चूक पटकन लक्षात येत नाही. ६३० मधून आधी बिल झालेली १६० युनिट वजा केली आणि उरलेली ४७० युनिट ऑगस्टच्या एका महिन्याची म्हणून लावली. वरवर हे रास्त दिसते. युनिट तर बरोबर वजा झाली! पण वीज आकार ५,००२ रुपये ५० पैसे येतो आणि भरायची रक्कम ६,५८९ रुपये २६ पैसे. योग्य रकमेपेक्षा १,०९८ रुपये ९७ पैसे जास्त. जून आणि जुलैच्या पहिल्या पायरीतली २०-२० युनिट स्वस्त दराने मिळायची राहिली होती, ती बुडाली. आणि ऑगस्टची १७० युनिट कारण नसताना तिसऱ्या पायरीवर चढली.

इथे एक प्रश्न हमखास येतो. तीन महिन्यांत समान वाटणी का करायची? जूनमध्ये एसी चालला असेल, ऑगस्टमध्ये घर बंद असेल. खरे आहे. पण दर पायरीपायरीने वाढत असल्यामुळे समान वाटणीत रक्कम कमीत कमी येते. हेच ६३० युनिट ३००, ३०० आणि ३० असे वापरले असते, तर वीज आकार ५,१९९ रुपये ३० पैसे झाला असता, समान वाटणीत तो ४,८०८ रुपये ७० पैसे आहे. म्हणजे सरासरी वाटणी ग्राहकाच्या बाजूचीच असते. तिच्याविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नाही. ती केलेली नसेल तर जरूर करावी.

पायरी ताणली की नाही, हे बिलावरूनच ओळखा

हीच गोष्ट छोट्या प्रमाणात उशिरा झालेल्या रीडिंगला लागू होते. रीडिंग ३० दिवसांऐवजी ३३ दिवसांनी झाले, तर त्या प्रमाणात पहिली पायरी १०० ऐवजी ११० ची होते. २८६ युनिटच्या आपल्या बिलात त्याने वीज आकार २,३८४ रुपये ९४ पैशांवरून २,३२९ रुपये १४ पैशांवर येतो. फरक ५५ रुपये ८० पैसे, शुल्कासह ६४ रुपये ७३ पैसे. रक्कम लहान आहे, पण उन्हाळ्यात वापर ३०० च्या आसपास असेल तर दोन पायऱ्यांचा फरक एकत्र होतो.

बिलात पायरी किती युनिटची धरली, हे ओळींत सरळ लिहिलेले नसले तरी काढता येते. वापर पहिल्या दोन पायऱ्यांत असेल तर हे सूत्र वापरा:

```
पहिल्या पायरीतील युनिट = (एकूण युनिट × 10.29 − वीज आकार) ÷ 5.58
```

५.५८ म्हणजे १०.२९ आणि ४.७१ यांतला फरक. दर बदलले की हे दोन्ही आकडे बदलायचे. २८६ युनिट आणि २,३८४.९४ रुपये घातले तर उत्तर १०० येते, म्हणजे पायरी ताणलेली नाही. २,३२९.१४ घातले तर ११० येते. वरच्या साचलेल्या वापराच्या उदाहरणात ६३० युनिट आणि ४,८०८.७० रुपये घाला. उत्तर ३०० येईल, म्हणजे तीन महिन्यांचा लाभ पूर्ण मिळाला.

उत्तर १०० ही नाही आणि दिवसांच्या प्रमाणातही नाही, असे विचित्र आले तर बिलाच्या मध्येच दर बदलला आहे का ते पाहा. नवे दर बहुधा १ तारखेपासून लागू होतात आणि रीडिंग महिन्याच्या मधल्या तारखेला होते. अशा वेळी रोजची सरासरी काढून जुन्या दराच्या दिवसांची युनिट आणि नव्या दराच्या दिवसांची युनिट वेगळी करायची असतात. मार्च २०२४ पर्यंत पहिल्या पायरीचा दर ४ रुपये ४१ पैसे आणि दुसरीचा ९ रुपये ६४ पैसे होता. एप्रिल २०२४ च्या बिलांत हे दोन्ही दर मिसळलेले होते. त्या बिलावर एकच दर लावून हिशेब केला तर तो कधीच जुळणार नाही.

फरक निघाला तर

पाच-दहा पैशांचा फरक गोलाकाराचा असतो, तो सोडून द्यावा. फरक शेकड्यांत असेल तर उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, आणि त्यात ‘बिल जास्त आले’ एवढेच लिहू नये. मागचे खरे रीडिंग आणि त्याची तारीख, आताचे रीडिंग आणि तारीख, मधल्या सरासरी बिलांची युनिट व रक्कम, तुमच्या हिशेबाने येणारा वीज आकार आणि बिलावरचा वीज आकार, हे पाच तपशील एका पानात मांडावेत. ‘स्लॅब बेनिफिट देऊन बिल दुरुस्त करावे’ अशी नेमकी मागणी असेल तर टेबलामागच्या माणसालाही काय करायचे ते लगेच कळते. पोच घ्यायला विसरू नये. १९१२ वर तक्रार नोंदवता येते, पण हिशेबाच्या तक्रारीला कागद जास्त उपयोगी पडतो. तिथे काम झाले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्या निर्णयावर समाधान नसेल तर विद्युत लोकपाल, असा पुढचा मार्ग आहे.

तोवर बिल भरायचे की नाही, ही खरी धास्ती. वीज तोडण्याची नोटीस येईल या भीतीने लोक चुकीचे बिल पूर्ण भरून टाकतात, आणि वाद मागे पडतो. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये यासाठी तरतूद आहे. मागितलेली रक्कम, किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारे देयक, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ‘निषेध नोंदवून’ हे शब्द अर्जात लिहिलेले असावेत. गप्प बसून कमी रक्कम भरली तर ती फक्त थकबाकी दिसते.

सरासरी बिल येऊ लागले तर तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नये. महावितरणच्या मोबाइल ॲपवरून ग्राहकाला स्वतःचे रीडिंग फोटोसह पाठवता येते. आणि ते पाठवले नाही तरी दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मीटरचा एक फोटो काढून ठेवावा, आकडा आणि मीटर क्रमांक दोन्ही दिसतील असा. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाकडे जून आणि जुलैचे असे दोन फोटो असते, तर ६३० युनिट किती महिन्यांचे, हा वाद उभाच राहिला नसता.